नोंदवहीतली मुलगी आणि फिनलंड

माझ्या कपाटात २०११-१२ या शालेय वर्षाची एक नोंदवही अजून आहे. निवृत्त होताना शाळेचे दप्तर रीतसर सोपवले, परंतु ही वही कच्ची प्रत असल्यामुळे माझ्याकडेच राहिली. तिच्यात तिसरीतल्या एका मुलीच्या नावापुढे, गणिताच्या रकान्यात, प्रथम सत्रासाठी मी लिहिले आहे : 'वजाबाकीची उदाहरणे सोडवण्याचा प्रयत्न करते.' 'सुधारणा आवश्यक' या रकान्यात 'अधिक सराव हवा' असे आहे. पुढच्या पानावर, द्वितीय सत्रासाठी, त्याच शाईत आणि त्याच अक्षरात लिहिले आहे : 'गणितातील मूलभूत क्रिया अचूक करते.'

त्या द्वितीय सत्रात ती मुलगी एकही दिवस वर्गात नव्हती. बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या आमच्या गावातून दिवाळीच्या आसपास निम्मी वस्ती ऊसतोडीला जाते. आईवडिलांनी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, धाकटे भावंड सांभाळायला घरात दुसरे कोणी नसते, आणि मग थोरली मुलगी फडावर जाते. हंगामी वसतिगृहात ठेवण्याबद्दल मी तिच्या वडिलांशी बोललो होतो. "गुरुजी, पोरगी हितं ठिवली तर बारक्याला कोण बघंल?" या त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. ती एप्रिलच्या अखेरीस परत आली, तोवर सत्राअखेरचे संकलित मूल्यमापन उरकलेले होते आणि वही पूर्ण करून द्यायची होती. ती मी पूर्ण केली. ही कबुली आधीच देऊन ठेवतो, म्हणजे पुढे जे लिहितो आहे ते दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवण्यासाठी नाही, हे स्पष्ट राहील.

शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा, आणि महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा शासन निर्णय २० ऑगस्ट २०१० चा. त्याने वार्षिक परीक्षेच्या जागी दोन गोष्टी आणल्या. मूल शिकत असतानाच, रोजच्या कामातून करायचे ते आकारिक मूल्यमापन, आणि सत्राच्या शेवटी करायचे ते संकलित. पहिली-दुसरीला आकारिकचा भार सत्तर टक्के, तो वरच्या वर्गांत कमी होत सातवी-आठवीला चाळीस टक्के. आकारिकसाठी साधने दिलेली होती : दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर. कल्पना म्हणून यात आक्षेप घेण्यासारखे काही नव्हते, आजही मला तसे वाटत नाही.

त्या काळातल्या एका प्रशिक्षणात पडद्यावर मोठ्या अक्षरांत एक वाक्य झळकले होते : 'फिनलंडमध्ये परीक्षा नाही.' त्याखाली बर्फात खेळणाऱ्या मुलांचे छायाचित्र होते. सभागृहातले आम्ही सगळे भारावून गेलो होतो, मी तर घरी येऊन पत्नीलाही ते सांगितले. पुढे ते वाक्य मोबाइलवर इतक्या वेळा फिरून आले की त्याची सवयच झाली. निवृत्तीनंतर तौलनिक शिक्षणशास्त्राचे थोडे वाचन केले, तेव्हा मात्र या एका वाक्यात किती गोष्टी गृहीत धरलेल्या होत्या, हे हळूहळू ध्यानात आले.

या शास्त्रात जॉर्ज बेरेडे यांनी १९६४ साली तुलनेच्या चार पायऱ्या सांगितल्या. पहिली वर्णन : एका देशात नेमके काय चालते ते टिपणे. दुसरी अर्थान्वय : ते तसे का चालते, हे त्या समाजाच्या इतिहासातून, अर्थकारणातून आणि राजकारणातून समजून घेणे. तिसरी पायरी दोन्ही देशांची माहिती एकाच निकषाखाली शेजारी शेजारी मांडण्याची. खरी तुलना चौथ्या पायरीवर येते. पहिल्या दोन पायऱ्या प्रत्येक देशासाठी स्वतंत्रपणे चढायच्या असतात, आणि घाई होते ती इथेच. पहिल्या पायरीवरून थेट उडी मारून माणसे 'मग आपणही तसे करू या' इथे पोहोचतात. ती पायरी तरी धड चढलेली असते का, हेही पाहावे लागते.

फिनलंडचेच घ्या. तिथे मूलभूत शिक्षणाच्या नऊ वर्षांत सर्व मुलांसाठी एकच राष्ट्रीय परीक्षा नसते, एवढे खरे आहे. परंतु शिक्षक आपापल्या वर्गात चाचण्या घेतात, चार ते दहा अशा आकड्यांत गुण देतात, त्यात चार म्हणजे नापास. नववीच्या अखेरच्या गुणपत्रकावर पुढचा प्रवेश ठरतो. उच्च माध्यमिकच्या शेवटी जी राष्ट्रीय परीक्षा असते तिची परंपरा १८५२ सालापर्यंत मागे जाते. मूल त्याच वर्गात पुन्हा बसवण्याची तरतूदही तिथे आहे, ती क्वचित वापरली जाते एवढेच. म्हणजे 'परीक्षा नाही' हे वर्णनच चुकीचे होते. मराठीत 'परीक्षा' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एक वेळापत्रक, एक प्रश्नपत्रिका आणि एक निकाल येतो. तो संपूर्ण गठ्ठा तिथे नाही, म्हणून त्यातली प्रत्येक गोष्ट नाही असे आपण मानले. दोन भाषांतले शब्द समोरासमोर ठेवले की त्यांखालच्या वस्तूही सारख्याच असणार, ही तुलनेतली सर्वांत जुनी फसगत आहे.

दुसऱ्या पायरीवर प्रश्न येतो की वरून परीक्षा न घेता तिथली व्यवस्था निर्धास्त कशी राहते. त्याचे उत्तर शोधायला बरेच मागे जावे लागते. १९७० च्या दशकात फिनलंडने मुलांना लहान वयात दोन वाटांना लावणारी जुनी रचना मोडून सर्वांसाठी एकच नऊ वर्षांची शाळा आणली, आणि ती सैल हाताने आणली नव्हती. अभ्यासक्रम केंद्राने ठरवलेला, पाठ्यपुस्तकांना शासनाची मंजुरी लागे, शाळा तपासणारे अधिकारी होते. त्याच काळात शिक्षकांचे प्रशिक्षण विद्यापीठांत गेले, आणि १९७९ पासून प्राथमिक शिक्षकालाही पदव्युत्तर पदवी आवश्यक झाली. हा बंदोबस्त जवळजवळ वीस वर्षे चालला. तपासणीची व्यवस्था आणि पुस्तकांची मंजुरी गेली ती १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, म्हणजे त्या पदव्या घेतलेले शिक्षक शाळाशाळांत रुळल्यावर.

आता कालगणना पाहू. जगाने फिनलंडकडे पाहिले ते 'पिसा' या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीमुळे. ती पहिल्यांदा २००० साली झाली. त्या वेळी पंधरा वर्षांची असलेली मुले सातव्या वर्षी, म्हणजे १९९० च्या थोडे मागे-पुढे, शाळेत गेली होती. त्यांच्या पायाभरणीची वर्षे बरीचशी जुन्या, घट्ट व्यवस्थेने घडवलेल्या शिक्षकांच्या हाताखाली गेली. परंतु निकाल पाहून जी शिष्टमंडळे हेलसिंकीला गेली, त्यांनी पाहिली ती त्या दिवशीची शाळा : मोकळी, तपासणी नसलेली, शिक्षकावर सोपवलेली. फळ जुन्या मशागतीचे होते आणि लोक टिपून आणत होते ते काढणीनंतरचे रान. पुढे फिनलंडचे गणिताचे सरासरी गुण २००६ मध्ये ५४८, २०१२ मध्ये ५१९ आणि २०२२ मध्ये ४८४ असे घसरत गेले. मोकळीक दिल्यामुळेच ते घसरले, असेही मी म्हणणार नाही, कारण एकामागून एक घडले म्हणजे एकामुळे दुसरे घडले, ही चूक चढत्या आलेखाबद्दल करू नये तशी उतरत्याबद्दलही करू नये. मात्र ज्या वर्षी आपण पाहायला जातो, त्या वर्षीची पद्धत ही त्या वर्षीच्या निकालाचे कारण क्वचितच असते, एवढे यावरून नक्की कळते.

आणखी एक गोष्ट त्या पडद्यावर नव्हती. तिथे वर्गात एखादे मूल अडले, तर शाळेतच एक विशेष शिक्षक असतो, जो त्या मुलाला काही तासांपुरता बाजूला घेऊन तेवढीच अडचण सोडवतो आणि परत वर्गात पाठवतो. गेल्या दशकात दरवर्षी सुमारे पाचांतल्या एका मुलाला अशी अर्धवेळ मदत मिळत असे. यात कोणाला लाज वाटण्याचे कारण राहत नाही, कारण वर्गातली बरीच मुले कधी ना कधी तिथे जाऊन आलेली असतात.

तिसऱ्या पायरीसाठी निकष लागतो. 'परीक्षा आहे की नाही' हा निकष कामाचा नाही, हे आता उघड आहे. मी घेतो तो असा : मुलाला एखादी गोष्ट समजलेली नाही, हे कोणाला, किती दिवसांत कळते, आणि कळल्यावर त्यासाठी वेळ कोणाकडे असतो? या निकषाखाली हेलसिंकी आणि बालाघाटातली एक द्विशिक्षकी शाळा शेजारी मांडता येतात. एरवी ती मांडणी हास्यास्पदच ठरली असती. (जाता जाता, फिनलंडची लोकसंख्या सुमारे ५६ लाख आहे. २०११ च्या जनगणनेत बीड आणि नांदेड हे दोनच जिल्हे मिळून ५९ लाखांच्या वर होते. आपण एका देशाची तुलना देशाशी करतो तेव्हा मापाचा हा प्रश्नही शिल्लक राहतोच.)

आमच्या शाळेत तेव्हा पहिली ते चौथी, शिक्षक दोन. माझ्याकडे तिसरी आणि चौथी, मिळून ३४ मुले. मराठी, इंग्रजी, गणित आणि परिसर अभ्यास या चार विषयांना आम्ही प्रत्येकी पाच साधने घेत होतो, कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण यांना प्रत्येकी तीन. म्हणजे एका मुलामागे एका सत्रात २९ गुणनोंदी, आणि ३४ मुलांच्या ९८६. वर्णनात्मक नोंदी निराळ्या : विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. एकेका गुणनोंदीला एकच मिनिट धरले तरी सोळा तासांहून अधिक नुसते लिहिणे होते. अर्थात ते त्या त्या दिवशी कोणीच लिहीत नसे. सत्र संपत आले की तालुक्याच्या दुकानात 'वर्णनात्मक नोंदी' नावाची तयार पुस्तिका मिळे. तिच्यात विषयवार शेकडो वाक्ये छापलेली असत, त्यांतली पाहून उतरवायची. पुढे तीही पीडीएफ होऊन मोबाइलवर येऊ लागली. माझ्या वहीतली दोन्ही वाक्ये अशा पुस्तिकेतलीच आहेत.

खरी गोष्ट निराळीच होती, आणि ती मला ठाऊक होती. त्या मुलीच्या पाटीवर मी एकदा ५२ वजा २७ पाहिले होते. तिने उत्तर लिहिले होते ३५. हे 'सराव कमी पडला' म्हणून आलेले उत्तर नव्हे. तिने एककात सातातून दोन काढले होते, दशकात पाचातून दोन. म्हणजे वर-खाली न पाहता ती प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करत होती, आणि हा तिचा नियम ती अगदी सातत्याने पाळत होती. अशा मुलाला आणखी वीस उदाहरणे दिली तर ते चूकच पक्की करते. त्याऐवजी दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या समोर ठेवायच्या, सात काढायला सांगायचे, आणि ती अडली की एक गठ्ठा तिला स्वतःच्या हाताने सोडू द्यायचा. बारा सुट्या झाल्या, चार गठ्ठे उरले. ही पंधरा मिनिटांची गोष्ट आहे. मी ती एका दुपारी केलीही, तुराटीच्या काड्या घेऊन, आणि तिने पहिला गठ्ठा सोडला तेव्हा दोरा दातांनी तोडला होता, हे मला आजही आठवते. परंतु दुसऱ्या दिवशी चौथीचा धडा होता, तिसऱ्या दिवशी केंद्रावर बैठक होती, आणि नंतर दिवाळी आली.

आकारिक मूल्यमापन म्हणतात ते हेच : ३५ हा आकडा पाहून त्यामागचा नियम ओळखणे आणि उद्याचे शिकवणे त्यानुसार बदलणे. गंमत अशी की वहीच्या २९ घरांत याला जागा नव्हती. तिथे मिळत होते ते 'तोंडी काम, दहापैकी सहा'.

हा दोष केवळ आपला, असेही नाही. 'आकारिक' ही संज्ञा शिक्षणात रुजली ती १९६७ साली, अमेरिकेत मायकेल स्क्रिवन यांनी केलेल्या मांडणीतून. शाळेच्या वर्गासाठी तिचा पाठपुरावा इंग्लंडमध्ये पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम यांनी १९९८ पासून केला. पुढे तिथल्याही शाळांत त्या कल्पनेचे तक्ते आणि टप्प्यांच्या याद्या झाल्या. खुद्द विल्यम यांनी २०१३ मध्ये म्हटले, की या गोष्टीला मूल्यमापन हे नाव देणे हीच मोठी चूक झाली, मुलांच्या प्रतिसादानुसार शिकवणे अशा अर्थाचे काही नाव द्यायला हवे होते. मूल्यमापन म्हटले की नोंद आली, नोंद आली की तपासणी आली. आपल्याकडे तर तपासणी आधीपासूनच तयार बसलेली होती.

इथे एक बारकावा सांगायला हवा. संज्ञांची वंशावळ अमेरिका आणि इंग्लंडची. मग प्रशिक्षणात फिनलंड कुठून आले? जर्मन अभ्यासक युर्गेन श्रीवर यांनी यावर मार्मिक लिहिले आहे. एखादा निर्णय घरात वादग्रस्त होण्याची चिन्हे असली की दूरच्या एखाद्या यशस्वी देशाचे नाव पुढे केले जाते. तो देश त्या निर्णयाचा उगम नसतो, साक्षीदार असतो. परीक्षा जाणार म्हटल्यावर पालक आणि आम्ही शिक्षक दोघेही बिथरणार होतो, आणि फिनलंडचे नाव आम्हाला गप्प करायला पुरेसे ठरले. साक्षीदाराची उलटतपासणी सभागृहात कोणी केली नाही, मीही केली नाही.

इंग्रज शिक्षणतज्ज्ञ मायकेल सॅडलर यांनी १९०० साली इंग्लंडमधल्या गिल्डफर्ड येथे दिलेले व्याख्यान तौलनिक शिक्षणशास्त्रात वारंवार सांगितले जाते. बागेत हिंडणाऱ्या मुलाने इथले फूल, तिथली पाने खुडून घरच्या मातीत खोचली तर त्याचे झाड होत नाही, असा त्यांचा दृष्टान्त होता. जालन्याकडच्या मोसंबीवाल्याला हे सांगायची गरज नाही. तो तर फूल खोचण्याच्या पुढची गोष्ट जाणतो. कलमाचा डोळा न्यूसेलर जातीच्या मोसंबीचाच भरायचा असला, तरी तो जंबेरीच्या खुंटावर, म्हणजे खालच्या मुळाच्या रोपावर, आहे की रंगपूर लिंबाच्या, हे तो रोपवाटिकेत पहिल्यांदा विचारतो, कारण डिंक्या रोग लागला तर तो खालून लागतो आणि रानाची माती खुंटालाच सोसायची असते. म्हणजे बाहेरचे काही घ्यायचेच नाही असा याचा अर्थ नव्हे, मोसंबी तरी इथली कुठे होती? प्रश्न खुंटाचा आहे.

खुंटाची परीक्षा आपल्याच देशात एका ठिकाणी चांगली झाली. हरियाणात २०१२-१३ या वर्षी काही शाळांत चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवड करून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन राबवले, काहींत दिवसातला एक तास इयत्ता बाजूला ठेवून मुलांचे वाचनाच्या पातळीनुसार गट करून शिकवले, आणि काही शाळा होत्या तशा ठेवल्या. वर्षअखेरीस पहिल्या प्रकारच्या शाळा आणि जशाच्या तशा ठेवलेल्या शाळा यांतल्या मुलांच्या गुणांत फरक आढळला नाही. पातळीनुसार गट केलेल्या शाळांत मुलांचे हिंदीचे मूलभूत वाचन-लेखन सुधारले. मला यात महत्त्वाचे वाटते ते हे : दुसऱ्या उपक्रमातही मुलांची पातळी तपासली जात होतीच. परंतु ती तपासून पुढच्या तासाला कोण कुठे बसणार एवढेच ठरायचे होते, आणि तो तास वेळापत्रकात राखून ठेवलेला होता. वहीला तास नव्हता. अर्थात हरियाणाचा तास उचलून आणायचा म्हटले तरी दुसऱ्या पायरीवर थांबावे लागेलच, कारण दिवाळीनंतर निम्मा वर्ग फडावर जाणाऱ्या शाळेत गट कसे टिकतील, हे तिथल्या प्रयोगातून कळत नाही.

दरम्यान २०१९ मध्ये केंद्राने शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती करून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली, नापास मुलांना त्याच वर्गात ठेवायचे की नाही हे राज्यांवर सोडले, आणि महाराष्ट्रात २०२३-२४ पासून ही परीक्षा सुरू झाली. एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा, त्यात राहिलेल्यांना मार्गदर्शन आणि पुनर्परीक्षा. गावात याचे स्वागतच झाले. यात ऊसतोडीच्या मुलांसाठी एक अनपेक्षित सोय झाली आहे, जी कोणत्याही देशाकडून आणलेली नाही : पुनर्परीक्षा होते तेव्हा ती मुले गावात असतात.

गेल्या वर्षी त्या सुमारास माझा एक तरुण सहकारी संध्याकाळी घरी आला. त्याच्याकडे पाचवीच्या पुनर्परीक्षेचे पेपर होते. फडावरून परतलेल्या एका मुलाचा गणिताचा पेपर त्याने पुढे केला. ५०३ वजा २६७, उत्तर ३६४.

"सर, हे रँडम नाही ना?" त्याने विचारले.

मी त्याला तिन्ही घरे बोटाने दाखवली. सातातून तीन चार, सहातून शून्य सहा, पाचातून दोन तीन. बाकीच्या प्रश्नांवर मुलाला पास होण्यापुरते गुण मिळत होते, त्यामुळे तो सहावीत जाणार होता, आणि सहावी आमच्या शाळेत नाही, शेजारच्या गावी आहे. गुणतक्त्यात एकूण गुण लिहायचे होते. सहकाऱ्याने ते लिहिले, पेपरच्या समासात पेन्सिलीने 'मोठ्यातून लहान' असे टिपले, आणि मग तो पेपर कार्यालयात जमा होणार हे आठवून थोडा वेळ तसाच बसून राहिला. त्यानंतर त्याने शेजारच्या गावच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंना फोन लावला.